पोटाखालचा पट्टा

गणपतीत भाचा घरी आला तेव्हा त्याच्या मनगटावर माझ्या वडिलांचं घड्याळ होतं. एचएमटीचं, रोज किल्ली द्यावी लागणारं, पांढऱ्या तबकडीचं. चामड्याच्या जुन्या पट्ट्याला पावसाळ्यात बुरशी धरली, म्हणून त्याने नायलॉनचा हिरवट कापडी पट्टा मागवून स्वतःच लावला होता. दिसत छान होता. जेवायला बसायच्या आधी हात धुवायला गेला, बक्कल सोडलं, आणि घड्याळ पट्ट्यावरून सर्रकन घसरत जाऊन मोरीच्या फरशीवर आपटलं.

घड्याळ चालू राहिलं. एचएमटीच ते. प्लॅस्टिकच्या काचेवर मात्र एक लांबलचक चरा उमटला. पट्टा उचलून हातात घेतला तर त्याला पावसात भिजलेल्या मोज्यासारखा कुबट वास येत होता आणि बक्कलाच्या भोकांभोवती दशा सुटल्या होत्या. पट्टा घेऊन दोनच महिने झाले होते. "मामा, पट्टाच फालतू निघाला," तो म्हणाला. पट्टा फालतू नव्हता. चूक ओवण्यात होती, आणि ओवल्यानंतर दोन महिने तो एकदाही घड्याळातून बाहेर निघाला नव्हता, यात होती.

हा पट्टा दोन तुकड्यांच्या चामडी पट्ट्यासारखा नसतो. चामडी पट्ट्याचा एक तुकडा घड्याळाच्या वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला, घड्याळाच्या कानांमध्ये बसवलेल्या बारीक दांडीवर अडकवलेला असतो. ही दांडी पोकळ असते, आत स्प्रिंग असते आणि दोन्ही टोकं दाबली की आत जातात. तिचं नाव स्प्रिंग बार. आपले घड्याळवाले तिला नुसतं पिन म्हणतात. एक पिन निसटली की चामडी पट्टा एका बाजूने सुटतो आणि घड्याळ खाली. कापडी पट्टा मात्र अखंड असतो. तो वरच्या पिनेमागून शिरतो, घड्याळाच्या पोटाखालून जातो आणि खालच्या पिनेमागून बाहेर येतो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लोंबकळत राहतं, हरवत नाही.

म्हणूनच तो सैन्याला आवडला. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली या पट्ट्याचं प्रमाण ठरवून दिलं: करड्या रंगाचं नायलॉन, २० मिलिमीटर रुंदी. सैनिकाला तो हवा असेल तर कोठारात जी-१० नावाचा फॉर्म भरावा लागे, त्यावरून पट्ट्यालाही जी-१० म्हणू लागले. बाजारातलं 'नाटो स्ट्रॅप' हे नाव साठ्यातल्या नाटो क्रमांकावरून आलेलं आहे; नाटोने काही पट्टे विणायला घेतले नव्हते. दुकानात कुणी 'जेम्स बाँडचा नाटो पट्टा' म्हणून विकू लागला तर त्याला सांगा, की १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये शॉन कॉनरीच्या हातावर पट्टेरी कापडी पट्टा होता खरा, पण हे सरकारी प्रमाण त्यानंतर नऊ वर्षांनी आलं. शिवाय तो पट्टा घड्याळाला इतका अरुंद होता, की दोन्ही बाजूंनी पिना उघड्या दिसतात.

रुंदीचा मुद्दा इथेच उरकून घेतो. घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने आतून आतून मोजा. जुन्या पुरुषी एचएमटीत ते बहुधा १८ मिलिमीटर भरतं. पट्टा तेवढ्याच रुंदीचा घ्या. १८ च्या जागेत २० चा पट्टा कोंबला तर त्याच्या कडा दुमडतात आणि कानांच्या आतल्या बाजूला घासत राहतात. दशा सुटायची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते.

रुंदी जुळली तरी एक अडचण उरते, आणि ती विकत घेताना कुणी सांगत नाही. पिन आणि घड्याळाची डबी यांच्यामध्ये पट्ट्याच्या जाडीइतकी फट हवी. साधारण नायलॉनचा पट्टा १.२ ते १.४ मिलिमीटर जाड असतो. जुन्या घड्याळांत ही फट कमी असू शकते, कारण ती चामडी पट्ट्यासाठी बनवलेली, आणि चामडी पट्टा फटीतून जात नाही, पिनेभोवती गुंडाळलेला असतो. फट मोजायला घरच्या घरी एक युक्ती आहे. बाद झालेल्या एटीएम कार्डाच्या बोटाएवढ्या रुंद दोन पट्ट्या कापा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, म्हणजे दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की दीड मिलिमीटर झाली. दोन्ही एकत्र फटीतून सहज गेल्या तर कुठलाही नेहमीचा पट्टा जाईल. एकच जात असेल तर पातळ विणीचा पट्टा शोधा. एकही जात नसेल तर हा नाद सोडा किंवा घड्याळवाल्याकडून बाहेरच्या बाजूला बाक असलेल्या पिना बसवून घ्या. पकडीने ओढून पट्टा घुसवू नका. तो शिरेलही, पण पिन वाकेल आणि ओढताना कापडाच्या कडा तासल्या जातील.

पिनाही आधी तपासून घ्या. मागच्या पिढीचं घड्याळ असेल तर त्या पिना तितक्याच जुन्या असण्याची शक्यता दाट. नखाने पिन बाहेरच्या बाजूला जरा जोरात ओढा आणि फिरवून बघा. ती कानाच्या भोकात घट्ट बसलेली असावी, खुळखुळू नये. वाकलेली, गंजलेली किंवा दाबल्यावर परत बाहेर न येणारी पिन बदलून टाका. चहाच्या दोन कपांपेक्षा हे काम महाग पडत नाही. नवा पट्टा जुन्या पिनांवर चढवायचा म्हणजे नव्या धोतराला जुनी, झिजलेली काठ लावण्यासारखंच.

आता ओवणं. पायजम्याची नाडी ओवलेल्या माणसाला हे कठीण नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. पट्टा टेबलावर पसरून नीट बघा. त्याला दोन भाग दिसतील. एक लांब पट्टी: एका टोकाला बक्कल आणि बक्कलाजवळ दोन धातूच्या कड्या, दुसऱ्या टोकाला भोकं आणि निमुळतं शेपूट. आणि बक्कलापासून थोड्या अंतरावर लांब पट्टीच्या खालच्या अंगाला शिवलेला एक आखूड तुकडा, त्याच्या टोकाला एकच कडी. सगळी गोम या एकट्या कडीत आहे.

घड्याळ तबकडी वर करून ठेवा, १२ चा आकडा तुमच्यापासून लांब. बक्कल १२ च्या बाजूला राहणार. शेपूट हातात घ्या आणि १२ च्या बाजूच्या पिनेवरून, पिन आणि डबी यांच्यामधल्या फटीत वरून खाली घाला. ते घड्याळाच्या पोटाखालून ओढून ६ च्या बाजूला आणा आणि तिथल्या फटीतून खालून वर काढा. म्हणजे दोन्ही पिना पट्ट्याच्या खाली दबल्या, आणि घड्याळाची पाठ पट्ट्यावर टेकली. आखूड तुकडा या वेळी पिनांमधून जात नाही, तो नुसता खाली मोकळा लोंबत असतो. आता घड्याळ बक्कलाच्या दिशेने सरकवा. मग आखूड तुकडा घड्याळाच्या पोटाखाली, लांब पट्टीच्या खालून, सरळ धरा आणि त्याच्या टोकाच्या कडीतून शेपूट वरून खाली ओवून घ्या. पट्टा ताणून घट्ट करा. झालं.

बरोबर ओवलंय का, हे बाजूने बघून कळतं. घड्याळाखाली कापडाचे दोन थर दिसले पाहिजेत, मागचं झाकण पूर्ण झाकलेलं पाहिजे, आणि घड्याळ दोन बोटांत धरून पट्ट्यावर मागे-पुढे ढकललं तर ते जरासंच हलून अडलं पाहिजे. माझ्या भाच्याने शेवटची कडी ओवलीच नव्हती. त्याला वाटलं, ती शोभेची. तिच्याशिवायही घड्याळ मनगटावर छान बसतं, कारण बक्कल लावलेलं असतं. बक्कल सुटलं की मात्र घड्याळाला अडवायला काही उरत नाही आणि ते मण्यासारखं घसरत शेपटावरून उतरतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे बक्कल ६ च्या बाजूला येणं. त्यात घड्याळ पडत नाही, पण पट्टा एका हाताने लावताना शेपूट उलट्या दिशेला जातं आणि रोज चिडचिड होते.

दोन थरांमुळे घड्याळ मनगटापासून दोन-अडीच मिलिमीटर उंच बसतं. बारीक मनगटावर ते डबीसारखं दिसतं. त्यांच्यासाठी आखूड तुकडा नसलेले, एकाच थराचे पट्टे मिळतात. त्यात घड्याळ पट्ट्यावर सरकू शकतं, हे पत्करावं लागतं.

या दोन थरांतच वासाचं मूळ आहे. मनगटाच्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो मुख्यतः पाणी आणि मीठ. त्वचेवरचे जिवाणू घामातले बारीकसारीक घटक, मेलेल्या त्वचेचा भुगा आणि तेलकटपणा यांवर जगतात आणि वास त्यांच्यामुळे येतो. त्यांना ओल आणि ऊब हवी. पट्ट्याचं उघडं असलेलं कापड तासाभरात वाळतं. पण घड्याळाच्या पोटाखालचे दोन थर वर धातू आणि खाली कातडी यांच्यामध्ये दाबलेले असतात. तिथे हवा पोहोचतच नाही. भांडी घासताना, अंघोळ करताना, पावसात भिजल्यावर तिथे जे पाणी जातं, त्यात साबणही असतो आणि तोही तिथेच वाळतो. म्हणून वास घ्यायचा तर शेपटाचा घेऊ नका, पोटाखालच्या भागाचा घ्या. भाच्याच्या पट्ट्यावर नेमका तेवढाच भाग काळपट आणि चिकट झाला होता, बाकी पट्टा नवाच होता.

धुवायचा तर पट्टा घड्याळातून काढूनच. घड्याळासकट नळाखाली धरायचा मोह होतो, पण जुनं किल्लीचं घड्याळ पाण्याला तोंड देण्यासाठी बनलेलं नसतं. किल्लीच्या बाजूने एक थेंब आत गेला की काचेच्या आत वाफ धरते आणि मग आतली यंत्रणा गंजते. पट्टा काढा, ओवल्याच्या उलट क्रमाने: आधी आखूड तुकड्याची कडी, मग ६ ची फट, मग १२ ची. कोमट पाण्याच्या वाडग्यात भांडी धुवायच्या द्रवाचे चार-पाच थेंब टाका आणि पट्टा अर्धा तास भिजू द्या. पाणी गढूळ झालेलं बघून थोडा धक्का बसेल. मऊ, जुन्या टूथब्रशने विणीच्या दिशेने घासा, आखूड तुकडा शिवला आहे तिथे आणि कड्यांच्या आत विशेष. साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा. राहिलेला साबण पुढच्या वासाची सोय करून ठेवतो. मग पंचाच्या घडीत गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली, सावलीत टांगा.

उन्हात वाळवल्याने वास लवकर जातो हे खरं, पण नायलॉनला कडक ऊन सोसत नाही. रंग विटतो आणि धागा हळूहळू ठिसूळ होतो. बाल्कनीतली नायलॉनची वाळत घालायची दोरी दोन-तीन उन्हाळ्यांनी कशी भुसभुशीत होते ते आठवा. ब्लीच तर अजिबात नको. त्याने रंगही जातो आणि धागाही खातो. कपड्यांना मऊ करणाऱ्या सुगंधी द्रवाचा धाग्यांवर थर बसतो आणि मळ त्याच थरात अडकतो. अत्तर, डिओ मारून वास जात नाही. दोन वास एकत्र येतात.

एकदा धुऊनही वास राहिला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग मिसळून पट्टा १५ मिनिटं ठेवा आणि मग साध्या पाण्याने नीट धुवा. बक्कलावरचा मुलामा खराब होऊ नये म्हणून यापेक्षा जास्त वेळ नको. तरीही वास येत असेल तर तो बहुधा पट्ट्याचा नसतो. घड्याळाची पाठ आणि कानांच्या आतला कोपरा बघा. तिथे काळपट मेणासारखा मळ साचलेला असतो. ओलसर केलेल्या सुती कापडाने पुसा, कोपऱ्यातला मळ लाकडी टूथपिकने काढा. टाचणी नको, डबीवर ओरखडे पडतात. स्वच्छ पट्टा मळकट घड्याळावर चढवला की आठवड्याभरात तोच वास परत.

किती वेळा धुवायचा? कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात, रोज घड्याळ घालणाऱ्याने आठवड्याला एकदा. पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात महिन्याला एकदा पुरतो. समुद्रात पोहून आल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्यात, कारण मीठ वाळून विणीत खडा होऊन बसतं आणि धागे घासतं. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे दोन पट्टे ठेवणं. एक हातावर, एक वाळत. आणि रात्री घड्याळ काढून ठेवताना बक्कल लावून ड्रॉवरमध्ये टाकू नका, पट्टा मोकळा पसरून ठेवा.

आता दशा. नायलॉनचा पट्टा विणलेला असतो, म्हणजे कापलेल्या प्रत्येक कडेला धाग्याचं एक सुटं टोक असतं. ते टोक वितळवून बंद केलेलं असेल तर धागा सुटत नाही. चांगल्या पट्ट्याच्या भोकांच्या कडा चकचकीत आणि बोटाला टणक लागतात. ती भोकं गरम करून पाडलेली असतात. स्वस्त पट्ट्यांत ती नुसती ठोकून पाडतात, आणि त्यांच्या कडेला कापसासारखी लव दिसते. बक्कलाची जीभ रोज त्याच एका भोकात शिरते, ओढली जाते, आणि दोन महिन्यांत त्या भोकाच्या दशा होतात. भाच्याचं असंच झालं होतं, आणि एकाच भोकाचं. बाकीची भोकं शाबूत.

दशा ओढून तोडू नका. एक ओढलात की वीण सैल होते आणि शेजारचे दोन मोकळे होतात. धारदार छोट्या कात्रीने मुळाशी कापा आणि मगच वितळवा. पण आधी पट्टा नायलॉनचाच आहे ना, याची खात्री करा. कापलेला एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. नायलॉन आक्रसून थेंबासारखा गोळा होईल. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होईल. सुती पट्ट्याची कड वितळत नाही. तिला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या किंवा बारीक टाके घाला.

शेपटाच्या टोकासाठी लायटर पुरे. ज्योतीच्या टोकाशी काजळी धरते, म्हणून ज्योतीच्या निळ्या भागाच्या बाजूला, स्पर्श न करता, दोन-तीन सेकंद टोक धरा. कड जरा चमकायला लागली की थांबा आणि ओल्या चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. वितळलेलं नायलॉन बोटाने दाबायचा विचारही करू नका. ते कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं.

भोकासाठी ज्योत थेट चालत नाही. बक्कलाच्या जिभेएवढं जाड दाभण सांडशीत धरून गरम करा. लाल होऊ देऊ नका. नायलॉन २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं आणि लाल झालेलं लोखंड त्याच्या दुप्पट तापलेलं असतं, म्हणजे भोक वितळण्याऐवजी जळेल. आधी पट्ट्याच्या शेपटाच्या टोकावर टेकवून बघा. कापड मऊ झालं, धूर आला नाही, तर उष्णता बरोबर. मग दाभण भोकात घालून एक वळसा फिरवा आणि लगेच काढा. भाच्याच्या पट्ट्याची सातही भोकं आम्ही अशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकी उघडी ठेवून, दहा मिनिटांत बंद केली. एका भोकात दाभण जरा जास्त वेळ राहिलं, ते भोक रुंद झालं. त्याच्या मापाचं ते भोक नव्हतं, म्हणून निभावलं.

पिनेजवळच्या कडेला दशा सुटत असतील तर फक्त वितळवून भागत नाही, कारण कारण घड्याळात आहे. कानाच्या आतल्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवून बघा. तो अडकला, त्याचे तंतू तिथे राहिले, की तिथे धातूची बारीक धार आहे. घड्याळवाला ती बारीक पॉलिश कागदाने दोन मिनिटांत घालवतो. ती घालवल्याशिवाय नवा पट्टा लावणं म्हणजे तोही कापायला देणं.

पट्टा किती दिवस टिकवायचा, याला मर्यादा आहे. भोक गोल राहिलं नाही, लांबट झालं, किंवा पिनेखालून जाणारा भाग उजेडात धरल्यावर विरळ दिसू लागला, की टाकून द्या. वितळवून, शिवून तो आणखी महिनाभर चालेल, पण घड्याळ वडिलांचं असेल तर नव्या पट्ट्याचे पैसे वाचवू नका.

काचेवरचा चरा टूथपेस्ट आणि मऊ कापडाने बराचसा गेला, तिरप्या उजेडात अजून दिसतो. भाचा आता दर शनिवारी रात्री पट्टा धुतो आणि रविवारी सकाळी ओवतो; त्याला एक मिनिटही लागत नाही. तुम्ही ओवाल तेव्हा बक्कल लावायच्या आधी घड्याळ एकदा पट्ट्यावर ढकलून बघा. सरकलं, तर ती शेवटची कडी राहिली आहे.